पॉलिसींचं रजिस्टर: ड्यू डेट, ग्रेस, मॅच्युरिटी आणि लॅप्स व्हायला आलेल्यांची यादी कशी ठेवता?

नंदनवनची_रश्मी (12 नोव्हेंबर 2025, सकाळी)

नमस्कार मंडळी. घरातल्या सगळ्यांच्या मिळून नऊ पॉलिसी आहेत, बाबांच्या एलआयसीच्या दोन, आईची एक, काकूंची पोस्टाची, हेल्थ, दोन गाड्या वगैरे. भावाने दोन वर्षांआधी गूगल शीटमध्ये रजिस्टर बनवून दिलं, तो आता पुण्याला असतो त्यामुळे शीट माझ्याकडे आली. त्यात सुरुवातीची तारीख टाकली की आजच्या तारखेवरून पुढची ड्यू डेट आपोआप येते, दिसायला छान आहे एकदम.

आता प्रॉब्लेम. बाबांची एक पॉलिसी आहे, टेबल 14, मुदत 20 वर्षं, सुरुवात 15/04/2012, सहामाही हप्ता, विमा रक्कम 5 लाख. ऑक्टोबरचा हप्ता भरायचा राहिला होता, मी म्हटलं ग्रेस 15 नोव्हेंबरपर्यंत आहे, आज-उद्या भरून टाकू. शीटमध्ये तर ती पॉलिसी निवांत 15/04/2026 दाखवून राहिली, म्हणजे ऑक्टोबर तिच्या लेखी झालाच. पण पोर्टलवर पाहिलं तर इनफोर्स नाही म्हणते आणि FUP एप्रिल 2025! बाबा म्हणतात एप्रिलचा भरला, पासबुकात एंट्री पण आहे. मग हे काय आहे? आणि ज्या पॉलिसी लॅप्सच्या जवळ आल्या त्यांची यादी शीटमधून नीट कशी काढायची, कोणी असं रजिस्टर ठेवतं का?

तर्री_जास्त

ताई माझं ऐका, या एंडोमेंट पॉलिसींमध्ये काही दम नाही. टर्म घ्या एक कोटीचा, उरलेले पैसे एसआयपीत टाका. रजिस्टरची गरजच नाही पडणार.

नंदनवनची_रश्मी

@तर्री_जास्त दादा, कोणती घ्यायची हे विचारलंच नाही, घेतलेल्या सांभाळायच्या कशा हे विचारून राहिले 🙂 आणि टर्मलाही ड्यू डेट असतेच ना.

खामल्याचा_मयूर

ग्रेस 15 दिवसाचीच असते सगळ्याला. म्हणजे ऑक्टोबरची तुमची 30 तारखेलाच संपली. आणि ग्रेसमध्ये काही झालं तर क्लेम पण मिळत नाही, माझ्या ओळखीच्याने सांगितलं होतं. लॅप्स झाली म्हणजे भरलेले सगळे पैसे गेले समजा.

बुटीबोरीचे_भाऊसाहेब

मयूर, एका दमात तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही थोड्या थोड्या वाकड्या आहेत 😄 मी या लाइनमध्ये खूप वर्षं काढली, आता निवांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

15 दिवस हे मासिक हप्त्याला. तिमाही, सहामाही, वार्षिक असेल तर एक महिना, पण 30 दिवसांपेक्षा कमी नाही. म्हणजे रश्मीची ऑक्टोबरची तारीख 15 नोव्हेंबर हे तिने बरोबरच धरलं होतं. ग्रेसच्या काळात आयुर्विमा चालूच असतो, काही वाईट झालं तर क्लेम मिळतो, फक्त राहिलेला हप्ता त्यातून कापून घेतात. आणि लॅप्स म्हणजे सगळं गेलं हे पहिली काही वर्षं खरं असतं. जुन्या पॉलिसीत तीन वर्षांचे पूर्ण हप्ते भरलेले असले की ती पेडअप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर राहते, मरत नाही.

आता रश्मी, तुझ्याकडे. तुझ्या भावाची शीट कॅलेंडर पाहते, पावती पाहत नाही. सगळा घोळ तिथेच आहे. आज 12 नोव्हेंबर, सहा-सहा महिने पुढे मोजत गेलं की पुढची तारीख 15/04/2026 येणारच, तू एप्रिलचा भर की नको भरू, ऑक्टोबरचा भर की नको भरू, शीटला काही फरक पडत नाही. चुकलेला हप्ता अशा रजिस्टरमध्ये कधीच दिसत नाही, उलट तारीख पुढे सरकली की तो झाकला जातो. मी असे रजिस्टर वह्यांमध्ये पण पाहिलेत, लोक डायरीत वर्षभराच्या तारखा लिहून ठेवतात आणि तारीख गेली की पान उलटतात.

रजिस्टरमध्ये ठेवायची ती तारीख म्हणजे पहिला न भरलेला हप्ता, तेच पोर्टलवरचं FUP. ती आपोआप सरकता कामा नये. पावती हातात आली, त्यावर पॉलिसी नंबर पाहिला, नेक्स्ट ड्यू पाहिलं, मगच सरकवायची. पासबुकातली एंट्री म्हणजे पावती नाही बरं, त्यातून पैसे गेले एवढंच कळते, कोणत्या नंबरवर गेले ते नाही. बाबांच्या दोन्ही पॉलिसींच्या पावत्या एप्रिलच्या काढ आणि समोरासमोर ठेव.

नंदनवनची_रश्मी (दुपारी)

काका तुम्ही म्हणाले म्हणून फाईल उघडली. एप्रिलच्या दोन पावत्या सापडल्या, दोन्हीवर एकच पॉलिसी नंबर 🤦‍♀️ दुसऱ्या पॉलिसीचा. तिचा पण हप्ता एप्रिल-ऑक्टोबरचाच आहे आणि रक्कम पण जवळपास तेवढीच, तेरा हजारांच्या आसपास. झालं असं की एकदा बाबा स्वतः भरून आले आणि मग चुलतभावाला दुसरी भरायला सांगितलं तर त्याने जुनी पावती दाखवून त्याच नंबरवर परत भरला. त्या पॉलिसीच्या दुसऱ्या पावतीवर नेक्स्ट ड्यू 04/2026 आहे. आम्ही ऑक्टोबरमध्ये खुश होतो की हिचं तर आधीच भरलेलं दिसते, वा!

आता हे पैसे इकडून तिकडे वळवता येतात का?

बुटीबोरीचे_भाऊसाहेब

वळवायचं काम पोर्टलवर होत नाही. पॉलिसी ज्या शाखेत आहे तिथेच लेखी अर्ज दे, दोन्ही पावत्यांची झेरॉक्स जोड. देतील की नाही हे मी छातीठोक नाही सांगणार, कारण त्यांच्या हिशोबात पैसे वैध पॉलिसीवर वैध हप्त्यापोटीच आले आहेत. विचारायला काही जात नाही. पण त्या आशेवर रिव्हायव्हल, म्हणजे लॅप्स झालेली परत चालू करणं, लांबवू नको, व्याज चढून राहिलं.

सीए_नाही_पण

शीटचं मी सांगतो, मी ऑफिसात दिवसभर हेच करतो. भाऊसाहेबांचं म्हणणं फॉर्म्युल्यात असं बसते. कॉलम: A मध्ये नाव, B मध्ये पॉलिसी नंबर, C सुरुवातीची तारीख, D किती महिन्यांनी हप्ता, E आतापर्यंत भरलेले हप्ते, F एकूण भरायचे हप्ते. हातानं बदलायचा कॉलम फक्त E, तो पण पावती पाहूनच. बाकीचं शीट काढेल.

```
G2: =IF(E2>=F2,"",EDATE(C2,D2*E2))
H2: =IF(G2="","",IF(D2=1,G2+15,MAX(EDATE(G2,1),G2+30)))
I2: =IF(H2="","",H2-TODAY())
```

G म्हणजे पहिला न भरलेला हप्ता, H ग्रेसचा शेवटचा दिवस, I उरलेले दिवस. तुमच्या बाबांची टाकून पाहा. C 15/04/2012, D ला 6, 20 वर्षांचे सहामाही म्हणजे F ला 40. पहिला हप्ता सुरुवातीच्याच दिवशी गेलेला असतो, म्हणून ऑक्टोबर 2024 पर्यंतचे मोजले तर 26 होतात. E ला 26 टाकलं की G येतो 15/04/2025, H येतो 15/05/2025 आणि I आजच्या तारखेला उणे 181. भावाच्या शीटमध्ये हीच पॉलिसी हिरवी होती.

G काढताना दरवेळी C पासूनच मोजायचं, मागच्या ड्यू डेटमध्ये सहा मिळवत जायचं नाही. सुरुवात 31 तारखेची असली तर फेब्रुवारीत 28 होते आणि मग साखळीनं मोजलं तर ती 28 वरच अडकते, परत 31 वर येत नाही.

आणि यादी दुसऱ्या टॅबवर:

```
=SORT(FILTER(Sheet1!A2:I60,ISNUMBER(Sheet1!I2:I60),Sheet1!I2:I60<=30),9,TRUE)
```

ग्रेस संपायला 30 दिवस किंवा कमी उरलेल्या सगळ्या येतील, उणेवाल्या सगळ्यात वर. उणे म्हणजे लॅप्स झालेली, तिला यादीतून काढून टाकायचं नाही, तीच तर आधी पाहायची असते.

नंदनवनची_रश्मी

भारी! पण माझ्याकडे आईच्या पॉलिसीचं काहीतरीच येऊन राहिलं. तिची सुरुवात 5 जूनची, शीट 6 मे धरते. आणि एका रांगेत तर सरळ #VALUE!

सीए_नाही_पण

लोकेल अमेरिकेचं आहे तुमच्या शीटचं, तिथे महिना आधी वाचतात. File > Settings > Locale मध्ये India करा आणि त्यानंतर तारखा परत टाइप करा, आधी टाकलेल्या आपोआप उलट्या होत नाहीत. 12 च्या आतल्या दिवसांच्या तारखा तर एकेक करून पावतीशी ताडा, कारण त्या चुकीच्या असूनही शहाण्यासारख्या दिसतात. #VALUE! वाली तारीख शीटनं अक्षरं म्हणून घेतलेली असणार, ती सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसेल. खरी तारीख उजवीकडे असते.

मानेवाडा_मामी

माझं पण विचारू का यातच? यांची हेल्थ पॉलिसी 27 नोव्हेंबरला संपते. भाऊसाहेब म्हणाले ग्रेसमध्ये विमा चालू असतो, तर आम्ही डिसेंबरचा पगार झाल्यावर भरला तर चालेल ना? यांचं हर्नियाचं ऑपरेशन पण करायचं आहे, डॉक्टर म्हणाले तेव्हाच करू.

बुटीबोरीचे_भाऊसाहेब

मामी, थांबा! मी म्हणालो ते आयुर्विम्याचं. हेल्थमध्ये वर्षाचा एकरकमी प्रीमियम असेल तर 30 दिवसांच्या ग्रेसमध्ये भरल्यानं पॉलिसी तुटत नाही, म्हणजे जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड परत पहिल्यापासून सुरू होत नाही. पण 27 पासून तुम्ही पैसे भराल त्या दिवसापर्यंत मधल्या दिवसांत ॲडमिट झालं तर त्याचा क्लेम नाही मिळत. हप्त्या-हप्त्यानं भरत असाल, मासिक वगैरे, तर ग्रेसमध्ये कव्हर असतं. तुमची वार्षिक आहे ना? मग 27 च्या आत भरा, ऑपरेशन असो की नसो.

सीए_नाही_पण

म्हणजे हेल्थच्या रांगेत H मध्ये ग्रेसचा फॉर्म्युला लावायचाच नाही, सरळ `=G2` करायचं. गाडीला पण तेच, मोटरला ग्रेस नसतोच. (रांग नंबर आपापला घाला.)

ऑटोचौक_राजू

गाडीचं मी भोगलं आहे. इन्शुरन्स संपून आठवडा झाला होता, कंपनीनं आधी गाडी पाहायला माणूस पाठवला, फोटो काढले, मग पॉलिसी दिली. नो क्लेम बोनस वाचला कारण 90 दिवसांच्या आत केली. पण त्या आठवड्यात मी बिना इन्शुरन्स वर्धा रोडनं रोज जाऊन राहिलो होतो, कोणाला लागलं असतं तर घर विकावं लागलं असतं बाप्पा.

खामल्याचा_मयूर

बरं ठीक आहे, 15 दिवसाचं माझं चुकलं. पण पोस्टाचं काय? माझी आई शिक्षिका होती, तिच्या पीएलआयला तर सहा महिने भरलं नाही तरी चालते असं पोस्टातला माणूस म्हणाला.

बुटीबोरीचे_भाऊसाहेब

हे अर्धं बरोबर आहे 🙂 पीएलआयचा हिशोब वेगळाच आहे. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली असेल तर सहा हप्ते थकले की लॅप्स, तीन वर्षं झाली असतील तर बारा. पण चालते याचा अर्थ फुकट चालते असा नाही, थकलेल्यावर दंड लागतो. रश्मी, काकूंच्या रांगेत एलआयसीचा नियम लावू नको, तिच्या H मध्ये हातानं तारीख टाक आणि शेरा लिही. एकच फॉर्म्युला सगळ्या रांगांवर ओढला की रजिस्टर खोटं बोलायला लागते.

आणि घरात कोणाचं जीवन ज्योती, सुरक्षा बीमा असेल तर तेही लिही. वर्षाचे 436 आणि 20 रुपये, वर्ष 1 जून ते 31 मे. ते मे महिन्यात खात्यातून आपोआप कटतात, म्हणून लोक विसरून जातात. खात्यात तेवढे नसले की कटत नाहीत आणि घरी कोणाला कळतही नाही. पेन्शनवाल्या, कमी वापराच्या खात्यात हे जास्त होते. मे संपता संपता पासबुक भरून आण, 436 ची एंट्री आहे का पाहा.

धंतोलीची_केतकी

मॅच्युरिटीबद्दल कोणी बोललंच नाही. आमच्याकडे उलटा घोळ झाला, सासऱ्यांची जीवन लाभ आहे, 25 वर्षं मुदत आणि हप्ते फक्त 16 वर्षं. रजिस्टरमध्ये मुदत 25 लिहिली म्हणून दरवर्षी ड्यू डेट येत राहणार ना हप्ते संपल्यावर पण?

सीए_नाही_पण

म्हणूनच F मध्ये एकूण हप्ते टाकायचे, मुदत नाही. तुमच्यात वार्षिक असेल तर F ला 16. E पण 16 झाला की G रिकामा होतो आणि ती पॉलिसी यादीत येत नाही. मॅच्युरिटीचा कॉलम वेगळा, J समजा, `=EDATE(C2,12*25)`. रश्मीच्या बाबांची मॅच्युरिटी 15/04/2032, पण शेवटचा हप्ता 15/10/2031 चा. मॅच्युरिटीच्या दिवशी कोणताच हप्ता नसतो, लोक तिथे एक हप्ता जास्त मोजतात.

बुटीबोरीचे_भाऊसाहेब

आणि मॅच्युरिटीच्या दोन-तीन महिने आधी एक आठवण लाव. बाँड सापडतो का, बँक खातं तेच आहे का, एनईएफटीसाठी दिलेली शाखा विलीन होऊन आयएफएससी बदलला का. पैसे अडकतात ते बहुतेक इथेच.

नंदनवनची_रश्मी (14 नोव्हेंबर)

अपडेट. परवा एलआयसी चौकातून पुढे आमच्या शाखेत जाऊन आले. रिव्हायव्हलचं कोटेशन मागितलं: एप्रिल आणि ऑक्टोबर असे दोन हप्ते अधिक व्याज. पण बाबांना दोन वर्षांपासून शुगर आहे, आणि चांगल्या तब्येतीचं डिक्लरेशन भरून द्यायला सांगितलं. चुलतभाऊ म्हणतो शुगरचं लिहू नका, गोळी चालू आहे कोणाला कळते. दुसरं, काका घरात भांडण लागलं आहे की रिव्हाइव्ह करायचं की तशीच पेडअप सोडायची.

बुटीबोरीचे_भाऊसाहेब

शुगर लिहायचीच. लपवून रिव्हाइव्ह केलेली पॉलिसी म्हणजे हप्ते भरून घेतलेली भांडणाची फाईल. उद्या क्लेम आला की गोळ्यांची चिठ्ठी, लॅबचे रिपोर्ट सगळं बाहेर निघते. लिहिलं तर फार तर एखादी तपासणी सांगतील.

पेडअपचा हिशोब सोपा आहे. 40 पैकी 26 हप्ते भरले, म्हणजे 5 लाखांचे 26/40, 3 लाख 25 हजार. अधिक आतापर्यंत जमलेला बोनस, तो जात नाही. पण यापुढचा बोनस बंद. आणि पेडअप झाल्यावर बाबांना काही झालं तर 5 लाख नाही, हे 3.25 लाख आणि जमलेला बोनस एवढंच. रिव्हाइव्ह केली तर अजून 14 हप्ते, 2031 पर्यंत. बाबांच्या कमाईवर घर चालत असेल तर मी रिव्हाइव्ह म्हणेन.

तर्री_जास्त

मी तर पेडअपच करीन. 14 हप्ते तेरा-तेरा हजाराचे, एक लाख ब्याऐंशी हजार होतात, तेवढ्यात दुसरीकडे बरंच काही होते.

धंतोलीची_केतकी

@तर्री_जास्त शुगर असलेल्या माणसाला या वयात नवीन टर्म कितीला मिळेल तेही त्यात धरा ना.

तर्री_जास्त

हाव, ते धरलं नव्हतं. तरी पण.

ऑटोचौक_राजू

एलआयसीची रिव्हायव्हलची स्कीम होती ना आताच, लेट फीमध्ये सूट?

बुटीबोरीचे_भाऊसाहेब

होती. 18 ऑगस्ट ते 17 ऑक्टोबर, लेट फीमध्ये 30 टक्के सूट, जास्तीत जास्त पाच हजार. संपली. पुन्हा येईल म्हणून वाट पाहत बसू नका, दोन हप्त्यांच्या व्याजात सूट मिळून मिळून किती मिळणार, आणि तोपर्यंत पॉलिसी लॅप्सच राहील.

सीए_नाही_पण

रश्मी, एक राहिलं. शीटमधल्या प्रीमियमच्या रकमा तपासा. 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि हेल्थवरचा जीएसटी गेला, त्यामुळे ऑक्टोबरपासूनचे हप्ते जुन्या पावतीपेक्षा थोडे कमी येतील. हेल्थमध्ये तर 18 टक्के होता. जुनी रक्कम जुळत नाही म्हणून हप्ता चुकीचा समजू नका.

नंदनवनची_रश्मी

अरे हो, म्हणून आईचा कमी आला होता! मग आमचा एप्रिलचा हप्ता, जो जीएसटी असतानाचा आहे पण भरणार आता, त्यावर लागेल की नाही?

सीए_नाही_पण

चांगला प्रश्न. कोटेशनच्या कागदावर टॅक्सची ओळ वेगळी असते, ती पाहून इथे टाका, मलाही पाहायचं आहे.

नंदनवनची_रश्मी (17 नोव्हेंबर)

शुगरचं लिहून डिक्लरेशन दिलं, एक रक्ताचा रिपोर्ट मागितला आहे, उद्या सकाळी उपाशीपोटी बाबांना नेते. दुसऱ्या नंबरवर गेलेल्या हप्त्याचा अर्ज पण दिला, "वर पाठवतो" एवढंच उत्तर आहे. कोटेशनचा कागद बाबांकडे आहे, रात्री फोटो टाकते. नवीन शीटमध्ये यादीत आता तीन आल्या: बाबांची ही, गाडी एक (9 दिवस), आणि काकूंची पोस्टाची. काकूंच्या पासबुकात ऑगस्टनंतर शिक्काच नाही, म्हणतात पोस्टातली बाई बदलली म्हणून गेलेच नाही 🙄

खामल्याचा_मयूर

काकूंच्या पॉलिसीला तीन वर्षं झाली का? झाली असतील तर बारा हप्त्यांचं आहे ते, आता मला माहीत आहे 😎 शीटची लिंक टाका ना, आईच्या पीएलआयसाठी घेतो. नंबर आणि नावं काढून टाका पण.